सायनमेथहिमोग्लोबिन पद्धतीचा स्टँडर्ड कर्व्ह: तो कसा काढायचा आणि त्यातून चूक कशी ओळखायची

प्रश्न: सायनमेथहिमोग्लोबिन पद्धतीसाठी स्टँडर्ड कर्व्ह नेमका कसा बनवायचा? आमचा कर्व्ह वरच्या टोकाला वाकतो. शिवाय एकाच नमुन्याच्या दोन नळ्या लावल्या तर हिमोग्लोबिनमध्ये अर्ध्या ते एक ग्रॅमचा फरक पडतो. चूक कुठे होत असेल?

उत्तर:

या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत. कर्व्ह वाकतो तेव्हा दोष बहुतेक वेळा यंत्रात किंवा फिल्टरमध्ये असतो. दोन नळ्यांची उत्तरं जुळत नाहीत तेव्हा तो पिपेटमध्ये किंवा रक्त नीट न ढवळण्यात असतो. तिसरी एक चूक या दोन्हींत दिसत नाही, कारण ती रुग्णाच्या रक्तातूनच येते. या तिन्ही चुका आपापली खूण मागे ठेवतात, आणि ती खूण ओळखता आली की अर्धं काम झालं.

आधी द्रावण. आज वापरात असलेलं ड्रॅबकिन द्रावण हे मूळ द्रावणाचं सुधारित रूप आहे. मूळ द्रावणात सोडियम बायकार्बोनेट होतं, त्यामुळे पीएच ८.६ च्या आसपास राहायचा आणि रंग पूर्ण व्हायला १० ते १५ मिनिटं लागायची. व्हान काम्पेन आणि झाइलस्ट्रा यांनी १९६१ मध्ये बायकार्बोनेटच्या जागी फॉस्फेट घातलं आणि डिटर्जंटची जोड दिली. त्यामुळे हे काम ३ ते ५ मिनिटांत होऊ लागलं. एक लिटरसाठी पोटॅशियम फेरिसायनाइड २०० मिलिग्रॅम, पोटॅशियम सायनाइड ५० मिलिग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १४० मिलिग्रॅम आणि नॉन-आयॉनिक डिटर्जंट १ मिलिलिटर घ्यायचं आणि डिस्टिल्ड पाण्याने लिटर पूर्ण करायचं. पीएच ७.० ते ७.४ मध्ये असायला हवा. द्रावण फिकट पिवळं आणि स्वच्छ पारदर्शक दिसतं. पाण्याने शून्य लावून ५४० नॅनोमीटरवर त्याचं रीडिंग घेतलं तर तेही शून्यच यायला हवं. गढूळपणा दिसला, पिवळा रंग उडालेला दिसला किंवा हे रीडिंग शून्य आलं नाही, तर बाटली टाकून द्यायची. द्रावण तपकिरी बाटलीत, उजेडापासून दूर ठेवावं आणि कधीही गोठू देऊ नये. गोठलं की फेरिसायनाइडचं क्षपण होऊन रंग उडतो, आणि पुन्हा वितळवल्यावरही ते कामाचं राहत नाही.

सायनाइडबद्दल एवढंच: तोंडाने पिपेट ओढायची नाही आणि या द्रावणाचा आम्लाशी संबंध येऊ द्यायचा नाही, कारण त्यातून हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. ज्या प्रयोगशाळेत साहलीची पद्धतही चालते तिथे हायड्रोक्लोरिक आम्लाच्या नळ्या आणि ड्रॅबकिनच्या नळ्या एकाच बेसिनमध्ये रिकाम्या करू नयेत. दोन्हींचा कचरा वेगळा ठेवावा.

स्टँडर्डविषयीचा गैरसमज

बाजारात मिळणारं सायनमेथहिमोग्लोबिन स्टँडर्ड हे आधीच पातळ केलेलं असतं. बाटलीवर ६० मिलिग्रॅम/डेसिलिटर असं लिहिलेलं असेल तर ती बाटलीतल्या द्रावणाची खरी संहती असते. आपण रुग्णाचं २० मायक्रोलिटर रक्त ५ मिलिलिटर द्रावणात टाकतो, म्हणजे ते २५१ पट पातळ होतं. म्हणून ६० ला २५१ ने गुणायचं: १५,०६० मिलिग्रॅम, म्हणजे १५.०६ ग्रॅम/डेसिलिटर. हे स्टँडर्ड जसंच्या तसं क्युव्हेटमध्ये ओतून वाचायचं. त्यातून २० मायक्रोलिटर घेऊन पुन्हा ५ मिलिलिटरमध्ये टाकणं ही नवशिक्यांकडून हमखास होणारी चूक आहे. मग रीडिंग जवळजवळ शून्य येतं आणि दोष यंत्राला दिला जातो.

तुम्ही २० मायक्रोलिटर रक्त ४ मिलिलिटरमध्ये घेत असाल तर गुणक २०१ होईल आणि तेच स्टँडर्ड १२.०६ ग्रॅमइतकं धरावं लागेल. किटसोबतचा कागद एका प्रमाणासाठी आणि आपली पद्धत दुसऱ्या प्रमाणाची, असं झालं की सगळेच रिपोर्ट एकाच दिशेने चुकतात.

कर्व्ह

पाच नळ्या घ्या. स्टँडर्ड पातळ करायचं ते ड्रॅबकिन द्रावणानेच, पाण्याने नाही. बाटली त्याच दिवशी उघडलेली असावी. उघडी राहिलेली बाटली बाष्पीभवनाने घट्ट होत जाते. ब्लँक म्हणून नुसतं ड्रॅबकिन द्रावण ठेवून शून्य लावा आणि पातळ नळीपासून घट्ट नळीकडे वाचत जा, म्हणजे क्युव्हेटमध्ये उरलेला थेंब पुढचं रीडिंग फारसं बिघडवत नाही. क्युव्हेट एकच वापरा. डिटर्जंटमुळे बुडबुडे धरतात, म्हणून द्रावण कडेने हळूच ओता.

पुढे एका फिल्टरवाल्या फोटोकलरीमीटरचं उदाहरण घेतलं आहे. तुमच्या तक्रारीसारखाच वाकलेला कर्व्ह त्यात दिसतो.

| नळी | स्टँडर्ड (मिलि) | ड्रॅबकिन (मिलि) | हिमोग्लोबिन (ग्रॅम/डेसिलिटर) | ओडी | फॅक्टर |
|---|---|---|---|---|---|
| १ | १ | ४ | ३.०१ | ०.०८० | ३७.६ |
| २ | २ | ३ | ६.०२ | ०.१६१ | ३७.४ |
| ३ | ३ | २ | ९.०४ | ०.२४० | ३७.७ |
| ४ | ४ | १ | १२.०५ | ०.३११ | ३८.७ |
| ५ | ५ | ० | १५.०६ | ०.३७६ | ४०.१ |

शेवटचा रकाना बहुतेक जण काढतच नाहीत, आणि खरी माहिती तिथेच असते. हिमोग्लोबिनला ओडीने भागलं की त्या नळीचा फॅक्टर मिळतो. रेषा सरळ आणि शून्यातून जाणारी असेल तर पाचही नळ्यांचा फॅक्टर जवळपास सारखा येतो. आलेखावर डोळ्यांना न जाणवणारा वाक या रकान्यात लगेच दिसतो. वरच्या उदाहरणात पहिल्या तीन नळ्या ३७.५ च्या आसपास आहेत, पुढच्या दोन वर चढत गेल्या आहेत. म्हणजे साधारण ९ ग्रॅमपर्यंत यंत्र सरळ चालतं, त्यानंतर ओडी हवी तेवढी वाढत नाही.

याचा रुग्णावर होणारा परिणाम बघा. पुष्कळ ठिकाणी पाच नळ्या न लावता फक्त बाटलीतलं स्टँडर्ड वाचून फॅक्टर काढतात. इथे तो ४०.१ आला असता. आता एका गरोदर बाईचं खरं हिमोग्लोबिन ६.८ आहे असं धरा. या यंत्रावर तिची ओडी ०.१८१ येईल. तिला ४०.१ ने गुणलं तर उत्तर ७.३ येतं. गरोदरपणात ७ च्या खाली तीव्र रक्तक्षय मानतात, आणि ही बाई कागदावर मध्यम रक्तक्षयात जाऊन बसते. एकाच बिंदूवरच्या फॅक्टरची चूक सर्वात जास्त त्रास देते ती अशी, कमी हिमोग्लोबिन असलेल्यांनाच. म्हणून यंत्र आणि स्टँडर्डची बाटली कितीही चांगली वाटली तरी पाच नळ्यांचा कर्व्ह निदान यंत्र नवीन आल्यावर, दिवा किंवा फिल्टर बदलल्यावर आणि नव्या लॉटचं द्रावण उघडल्यावर काढावाच, असं माझं ठाम मत आहे.

यंत्राची परीक्षा करायची असेल तर आणखी एक आधार आहे. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार सायनमेथहिमोग्लोबिनचा ५४० नॅनोमीटरवरचा मिलिमोलर शोषणांक ११.० आणि एका हीमला धरून रेणुभार १६११४.५ असा घेतात. १ सेंटिमीटरचं क्युव्हेट आणि २५१ पट पातळीकरण धरलं तर हिशोब असा बसतो:

```
Hb (g/dL) = A540 × 16114.5 × 251 ÷ (11.0 × 1000 × 10)
          = A540 × 36.8
```

म्हणजे चांगल्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ६० मिलिग्रॅमचं स्टँडर्ड ०.४१० च्या जवळ वाचलं पाहिजे. फिल्टरवाल्या कलरीमीटरवर नेमका हाच आकडा येईल अशी अपेक्षा धरू नये. त्याचा प्रकाशपट्टा रुंद असतो आणि क्युव्हेटही बरेचदा गोल नळीचं असतं. पण फॅक्टर ३६.८ च्या आसपास आणि पाचही नळ्यांत सारखा असेल तर यंत्रावर विश्वास ठेवता येतो.

फॅक्टरचा रकाना बिघडतो तेव्हा कसा बिघडतो, त्यावरून कारण ओळखता येतं.

वरच्या नळ्यांचा फॅक्टर चढत जातो (तुमची तक्रार हीच आहे) तेव्हा आधी फिल्टर बघा. हिरवा ५४० चा फिल्टर आहे की चुकून दुसराच बसला आहे? फिल्टरवर डाग किंवा बुरशी आहे का? यंत्राचं झाकण नीट बसतं का, की बाहेरचा उजेड आत शिरतो? भटका प्रकाश डिटेक्टरवर पडला की घट्ट द्रावणाची ओडी सर्वात जास्त कमी होते. दिवा जुना असेल तर तो बदलून पुन्हा कर्व्ह काढा. हे सगळं करूनही वाक तसाच राहिला तर फॅक्टर वापरू नका. आलेखकागदावर पाच बिंदूंतून सुबक वक्ररेषा काढा आणि प्रत्येक नमुना त्या आलेखावरून वाचा. वाकलेला पण दरवेळी तसाच येणारा कर्व्ह वापरता येतो. वाकलेल्या कर्व्हवर सरळ रेषेचा हिशोब मात्र करता येत नाही.

खालच्या नळ्यांचा फॅक्टर कमी आणि वर जाताना वाढत जाऊन हळूहळू स्थिरावणारा, म्हणजे ३३, ३५, ३६ असा येत असेल, तर प्रत्येक रीडिंगमध्ये एक ठरावीक रक्कम मिसळली आहे. शून्य ड्रॅबकिनऐवजी पाण्यावर लावलं आणि द्रावण गढूळ होतं, किंवा ब्लँकचं क्युव्हेट वेगळं होतं, अशा वेळी हे दिसतं. रेषा शून्यातून न जाता ओडीच्या अक्षाला वर छेदते.

पाचही नळ्यांचा फॅक्टर सारखाच पण अपेक्षेपेक्षा जास्त किंवा कमी आला, तर यंत्र सरळ चालत आहे, पण स्टँडर्ड, क्युव्हेटची जाडी किंवा तरंगलांबी यांपैकी काहीतरी वेगळं आहे. नवी बाटली उघडून फरक पडतो का ते बघा. आणि एकच नळी रांगेबाहेर गेली असेल तर त्या नळीची मापं चुकली आहेत. ती नळी पुन्हा लावा, तो बिंदू गाळून रेषा काढू नका.

कर्व्हच्या वरच्या बिंदूपलीकडचा नमुना आला, उदाहरणार्थ नवजात बाळाचा १९ ग्रॅमचा, तर रेषा अंदाजाने लांबवायची नाही. तयार रंगीत द्रावणात तेवढंच ड्रॅबकिन मिसळा, वाचा आणि उत्तर दुप्पट करा.

दोन नळ्या जुळत नाहीत तेव्हा

इथे आधी हे ठरवायचं की फरक यंत्रातून येतो की हातातून. एकाच नळीचं द्रावण पाच वेळा ओतून वाचा. रीडिंग स्थिर असेल तर यंत्र सुटलं. मग त्याच रक्ताच्या पाच नळ्या लावा. त्यांची उत्तरं पसरली तर दोष पिपेटिंगमध्ये किंवा रक्त ढवळण्यात आहे.

२० मायक्रोलिटर हे माप फार लहान आहे. त्यात एका मायक्रोलिटरची चूक म्हणजे ५ टक्के: १२.० चं हिमोग्लोबिन १२.६ होतं. पिपेटच्या बाहेरच्या बाजूला लागलेलं रक्त सहज तेवढं असतं. म्हणून रक्त खुणेच्या किंचित वर ओढायचं, बाहेरची बाजू टिश्यूने पुसायची, टोकाला टिश्यू टेकवून खुणेवर आणायचं आणि त्यानंतर टोकाला टिश्यू लागू द्यायचा नाही, नाहीतर तो आतलं रक्त शोषून घेतो. साहलीची पिपेट आतल्या मापावर आखलेली असते. रक्त द्रावणात सोडल्यावर तिच्या भिंतीला थर राहतो, म्हणून तेच द्रावण वर-खाली ओढून पिपेट तीन-चार वेळा धुतली नाही तर उत्तर कमी येतं. दोन तंत्रज्ञांच्या उत्तरांत कायम एकाच दिशेचा फरक असेल तर धुण्याची ही पायरी कोण कशी करतो ते शेजारी उभं राहून बघावं.

मायक्रोपिपेट वापरत असाल तर ती तपासा: पाण्याची दहा मापं तराजूवरच्या छोट्या भांड्यात सोडा. एकूण वजन ०.२०० ग्रॅमच्या जवळ यायला हवं. त्यासाठी मिलिग्रॅम दाखवणारा तराजू लागतो. ५ मिलिलिटरचा डिस्पेन्सर तपासणं तर सोपं आहे, एका मापाचं वजन ५ ग्रॅम. त्यात हवेचा बुडबुडा अडकला आणि ४.९ पडलं तर सगळे निकाल २ टक्के वर जातात, आणि या चुकीची शंका सहसा कुणाला येत नाही, कारण दोन्ही नळ्या एकमेकींशी जुळतात.

रक्त ढवळण्याचं काम दिसतं त्यापेक्षा नाजूक आहे. ईडीटीएची नळी उभी ठेवली की लाल पेशी खाली बसतात. प्रत्येक वेळी, अगदी दुसऱ्या नळीसाठी रक्त घेतानाही, आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी करून मगच पिपेट बुडवा. एकदा ढवळून पहिली नळी लावली, मग फोन घेतला आणि परत येऊन दुसरी लावली, तर अर्धा ग्रॅम गेला म्हणून समजा. फ्रिजमधला नमुना आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नळीत बारीक गुठळी असेल तर तो नमुना नाकारायचा, गुठळी काढून उरलेलं रक्त वापरायचं नाही. बोटातून रक्त घेताना बोट दाबून पिळलं की ऊतींमधला द्रव मिसळतो आणि हिमोग्लोबिन कमी येतं. पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा.

रुग्णाच्या रक्तातून येणारी चूक

यंत्र आणि हात दोन्ही बिनचूक असूनही काही नमुने खोटे वाचतात. मुख्य कारण गढूळपणा. यंत्राला गढूळपणा आणि रंग यांतला फरक कळत नाही, दोन्ही ओडी वाढवतात. स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर तेच द्रावण ७५० नॅनोमीटरवर वाचा. तिथे सायनमेथहिमोग्लोबिन जवळपास काहीच शोषत नाही, त्यामुळे तिथली ओडी म्हणजे गढूळपणा. कलरीमीटर असेल तर नळी छापील मजकुरासमोर धरा. अक्षरं धूसर दिसली तर रीडिंग मानू नका.

चरबीयुक्त प्लाझ्माचं उदाहरण घेऊ. नमुन्याची ओडी ०.३७२, फॅक्टर ३७.६, उत्तर १४.०. त्याच रक्ताचं हिमॅटोक्रिट सेंट्रिफ्यूज करून ३८ टक्के आलं आहे. १४.० ला ३८ ने भागून १०० ने गुणलं तर एमसीएचसी ३६.८ येतं. नेहमीच्या रक्तात ते साधारण ३६ च्या वर जात नाही, म्हणून इथे शंका घ्यायची. नमुना फिरवून वर आलेला प्लाझ्मा दुधाळ असेल तर त्यातले २० मायक्रोलिटर ५ मिलिलिटर ड्रॅबकिनमध्ये टाकून वाचा. समजा ०.०४५ आलं. हा आकडा सरळ वजा केला तर उत्तर १२.३ येतं, पण ही वजाबाकी जास्तच झाली. रक्तात प्लाझ्माचा वाटा ६२ टक्केच आहे. म्हणून ०.०४५ चे ६२ टक्के, म्हणजे ०.०२८ वजा करायचे. उरले ०.३४४, उत्तर १२.९, आणि एमसीएचसी ३४ वर येऊन बसतं.

पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या असतील, जसं ल्युकेमियात होतं, तर तयार द्रावण सेंट्रिफ्यूज करून वरचा स्वच्छ भाग वाचा. मायलोमासारख्या आजारात ग्लोब्युलिन द्रावणात साकळतं. तिथे एक लिटर ड्रॅबकिनमध्ये ०.१ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट घातलं की द्रावण निवळतं. सिकल किंवा हिमोग्लोबिन-सी असलेल्या पेशी कधी कधी पूर्ण फुटत नाहीत. अशा वेळी तयार द्रावणात तेवढंच डिस्टिल्ड पाणी मिसळून वाचायचं आणि उत्तर दुप्पट करायचं.

गढूळपणा नसतानाही एक नमुना फसवतो: ज्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड जास्त आहे त्याचा, म्हणजे भरपूर धूम्रपान करणाऱ्याचा किंवा धुरात सापडलेल्याचा. कार्बॉक्सिहिमोग्लोबिनचं रूपांतर पाच मिनिटांत पूर्ण होत नाही, आणि ५४० वर ते सायनमेथहिमोग्लोबिनपेक्षा जास्त शोषतं. म्हणून घाईने वाचलं तर हिमोग्लोबिन खोटं जास्त येतं. ओळखायला सोपं आहे. नळी झाकून ठेवा, अर्ध्या तासाने आणि मग तासाने पुन्हा वाचा. ओडी उतरत असेल तर रूपांतर अजून चालू आहे, आणि ती स्थिर होईपर्यंत थांबून शेवटचं रीडिंगच धरायचं. तयार झालेला रंग काही तास टिकतो, त्यामुळे वाट बघण्यात नुकसान नाही. सल्फहिमोग्लोबिन मात्र कितीही वेळ ठेवलं तरी या द्रावणाने बदलत नाही. तेवढा अंश ही पद्धत मोजू शकत नाही.